तोटा नेमका कुठे झाला? दक्षिण कोकणातल्या एका काजू युनिटच्या पहिल्या वर्षाचा हिशेब

सिंधुदुर्गातल्या एका छोट्या काजू प्रक्रिया युनिटचं हे प्रकरण आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि आकडे गोळाबेरीज करून थोडे हलवले आहेत, पण त्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणं तीच ठेवली आहेत. युनिट गावात राहून चालवतात त्या वहिनी आणि मुंबईत नोकरी करून भांडवल घालणारे त्यांचे दीर, म्हणजे भावोजी. मी त्यांचा हिशेब पाहतो.

## पार्श्वभूमी

युनिट साधंच आहे. काजू बी वाफवायचा कुकर, पायाने चालवायची कटिंग मशीन, गर सुकवायचा ड्रायर, सोलणीला आणि प्रतवारीला बसायला एक लांब पडवी. कटिंगला आणि सोलणीला वाडीतल्याच बायका येतात. टरफल भट्टीला जळणासाठी जातं.

बँकेच्या कर्जासाठी प्रकल्प अहवाल तयार झाला तेव्हाच भावोजींनी एक्सेलमध्ये पहिल्या वर्षाचा अंदाज मांडला. वर्ष धरलं मार्च ते फेब्रुवारी, कारण बी मार्चपासून येऊ लागते. अंदाज असा होता: ४० टन बी, सरासरी ११५ रुपये किलोने, म्हणजे ४६ लाखांची खरेदी. शंभर किलो बीमागे २५ किलो गर, म्हणजे १० टन गर. त्यात अखंड ७० टक्के, पाकळी २० टक्के, तुकडा १० टक्के. भाव अनुक्रमे ७५०, ६५० आणि ५५० रुपये. विक्री ७१ लाख. मजुरी गराच्या किलोमागे ८० रुपये, वीज-पॅकिंग वगैरे २० रुपये. पगार, भाडं, विमा, व्याज असा स्थिर खर्च साडेआठ लाख. घसारा न धरता शेवटी साडेसहा लाख रुपये सुटायचे होते.

२५ टक्के उताऱ्यावर तेव्हाही वाद झाला होता. वेंगुर्ला-४ सारख्या सुधारित जातींचा उतारा ३० टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो आणि भावोजींना तोच धरायचा होता. वहिनींचं म्हणणं होतं की आपल्याला मिळणारी बी मिसळीची, त्यात गावठी झाडांची पुष्कळ, तेव्हा २५ च्या वर जाऊ नका. त्यांचं ऐकलं गेलं आणि ते बरोबरच होतं. पुढे २५ चा आकडा खोटा ठरला, त्याचं कारण बीची जात हे नव्हतं.

## वर्षअखेरीला काय दिसलं

फेब्रुवारी संपता संपता बी फोडून झाली होती आणि गरही जवळपास सगळा विकला गेला होता, त्यामुळे शिल्लक मालाच्या किमतीचा घोळ मध्ये आला नाही. विक्री झाली ५१ लाख ३४ हजारांची. सगळे खर्च वजा जाता तोटा ४ लाख ६० हजार. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यात ११ लाख १० हजारांचं अंतर.

भावोजींनी दोन रकाने शेजारी शेजारी मांडले. बीची खरेदी ४६ लाखांऐवजी ३९ लाख ४ हजार. मजुरी ८ लाखांऐवजी ६ लाख ४० हजार. स्थिर खर्च थोडा वाढलेला. विक्री मात्र वीस लाखांनी कमी. त्यांनी निष्कर्ष काढला की खर्च आटोक्यात आहेत, विक्री पडली, म्हणजे मार्केटिंग हवं: मुंबईत एक स्टॉल, ऑनलाइन दुकान, चांगली पाकिटं.

वहिनींना हे पटेना. ‘गर पडान ऱ्हवलो खंय? सगळो खपलो. दर वाढलो म्हणान तोटो झालो,’ असं त्यांचं म्हणणं. बीचा दर ११५ वरून सरासरी १२२ झाला होता, हे खरंच होतं.

दोघांच्याही हातात खरे आकडे होते आणि दोघेही मुख्य गोष्टीपासून लांब होते. भावोजींच्या मांडणीत चूक अशी की ४० टनांच्या खर्चाशी ३२ टनांच्या खर्चाची तुलना होत होती. आठ टन बी कमी घेतली तर खरेदीचा खर्च कमी दिसणारच. त्याला बचत म्हणता येत नाही. म्हणून पहिलं काम होतं अंदाजच ३२ टनांवर आणून बसवणं.

## तफावत फोडून पाहिली

मूळ अंदाजात एक किलो बीमागे सगळे बदलते खर्च जाऊन साडेसदतीस रुपये सुटत होते. ३२ टनांना ते १२ लाख होतात. त्यातून साडेआठ लाख स्थिर खर्च गेला की साडेतीन लाख नफा. म्हणजे बाकी सगळं अंदाजाप्रमाणे घडलं असतं तरी निव्वळ बी कमी मिळाल्यामुळे नफा साडेसहावरून साडेतीन लाखांवर आला असता. हे तीन लाख बाजूला काढले आणि उरलेलं अंतर एकेक घटक बदलत मोजलं. दराची तफावत काढताना वजन प्रत्यक्षातलं धरायचं, उताऱ्याची तफावत काढताना भाव अंदाजातला धरायचा. हे पाळलं नाही तर एकच रुपया दोनदा मोजला जातो आणि बेरीज जुळत नाही.

| कारण | नफ्यावर परिणाम (रुपये) |
|---|---|
| ४० ऐवजी ३२ टन बी | – ३,००,००० |
| बीचा दर ११५ ऐवजी १२२ | – २,२४,००० |
| उतारा २५ ऐवजी २३ टक्के | – ३,९०,४०० |
| अखंड कमी, पाकळी-तुकडा जास्त | – १,३९,६०० |
| गराच्या विक्रीदरातला फरक | + ४७,९०० |
| मजुरी, वीज, पॅकिंग | – ६४,००० |
| स्थिर खर्च | – ४०,००० |
| एकूण | – ११,१०,१०० |

उताऱ्याच्या ओळीकडे जरा थांबून पाहू. ३२ टनांतून ८,००० किलो गर यायला हवा होता, आला ७,३६०. कमी पडलेल्या ६४० किलोंना अंदाजातल्या मिश्र भावाने, म्हणजे ७१० रुपयांनी गुणलं आणि न आलेल्या गराची वाचलेली मजुरी-पॅकिंग त्यातून वजा केली. उरले ३ लाख ९० हजार. त्यात अखंड-तुकड्याच्या बिघडलेल्या प्रमाणाचे १ लाख ४० हजार मिळवले की साडेपाच लाखांच्या जवळ जातं. म्हणजे निम्मा फटका पिशवीतून किती गर निघाला आणि कसा निघाला, यातून आलेला होता. त्यावर वर्षभरात कुणीच बोललं नव्हतं. बीचा दर रोज कानावर पडतो, उतारा कुणी ओरडून सांगत नाही.

विक्रीदराची तफावत अनुकूल दिसते, पण तीही सरसकट चांगली नाही. अखंडाला किलोमागे वीस रुपये जास्त मिळाले, तर तुकडा मात्र तीस रुपयांनी स्वस्त गेला. मे महिन्यात पैशाची नड होती म्हणून एका मिठाईवाल्याला तो घाईने दिला होता.

## लाल खुणेच्या पिशव्या

इथवर काम कागदावरचं होतं. खरा उलगडा झाला तो कामावर देखरेख करणाऱ्या बाईंच्या वहीत. त्यांनी मे अखेरीला आलेल्या पिशव्यांवर लाल रंगाची खूण करून ठेवली होती आणि त्या पिशव्यांचा गर वेगळा तोलून लिहिला होता. कुणी सांगितलं नव्हतं. त्या बीतून आपली मजुरी कमी पडते, हे कटिंगवाल्या बायका रोज बोलून दाखवत होत्या, म्हणून त्यांनी ते लिहून ठेवलं.

वही आणि खरेदीची बिलं जुळवली तेव्हा वर्षाची दोन तुकड्यांत विभागणी झाली.

मार्च-एप्रिलमध्ये २० टन बी १२५ रुपयांनी घेतली होती. उन्हात सुकवल्यावर ती १९,४०० किलो भरली आणि त्यातून ५,०४० किलो गर निघाला. खरेदीच्या वजनावर उतारा २५.२ टक्के, अखंड ६४ टक्के.

मे अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात १२ टन बी ११७ रुपयांनी घेतली होती. तिच्यावर वळवाचा पाऊस पडून गेला होता. सुकवल्यावर १०,६०० किलोच उरली, आणि ढगाळ हवेत ती धड सुकलीही नव्हती. गर निघाला २,३२० किलो. उतारा १९.३ टक्के, अखंड जेमतेम ४५ टक्के.

आता दर पुन्हा पाहिले. पहिल्या बीत एक किलो गरासाठी ४९६ रुपयांची बी लागली, दुसऱ्या बीत ६०५ रुपयांची. आठ रुपये स्वस्त म्हणून घेतलेली बी गराच्या हिशेबात शंभर रुपयांनी महाग पडली होती. त्या बारा टनांचा वेगळा ताळा केला तर स्थिर खर्च बाजूला ठेवूनही ती ९४ हजारांच्या तोट्यात गेली. म्हणजे पहिल्या वीस टनांनंतर खरेदी थांबवली असती तरी वर्षाचा तोटा तेवढ्याने कमी झाला असता.

पडवीत बसून एका बाईंनी मला दोन्ही बिया फोडून दाखवल्या. चांगल्या सुकलेल्या बीत गर टरफलापासून सुटतो. बी कानाशी हलवली की आत खुळखुळ वाजतो. लाल खुणेतली बी वाजत नव्हती. पातं बसलं तसा गर टरफलाला चिकटून अर्धा तिथेच राहिला, आणि बाहेर आला त्यावर काळसर डाग होता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: ‘ह्या बियेत हात कितीय बसूदे, अखंड गावाचो नाय.’

## तीन तफावतींचं एकच मूळ

प्रश्न असा उरला की एवढा अनुभव असलेल्या वहिनींनी भिजलेली बी घेतलीच का. उत्तर पैशाच्या वेळापत्रकात होतं.

एक्सेलमध्ये ४६ लाखांच्या खरेदीला बाराने भागलेलं होतं, महिन्याला सुमारे पावणेचार लाख. नवीन धंद्याच्या बहुतेक प्रकल्प अहवालांत असंच असतं. पण काजू बी बारमाही मिळत नाही. मार्च ते मे यातच वर्षाची खरेदी उरकावी लागते आणि पुढचे नऊ महिने ती फोडत बसायचं असतं. तिकडे बँकेने खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवली ती उलाढालीच्या पद्धतीने. नायक समितीच्या शिफारशीवरून आलेल्या या पद्धतीत अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के एवढी खेळत्या भांडवलाची गरज धरतात, त्यातले २० टक्के बँक देते आणि ५ टक्के मालकाने घालायचे. ७१ लाखांच्या २० टक्क्यांनी १४ लाखांची मर्यादा मिळाली. नियमात काहीच चुकलं नाही. पण २५ टक्के म्हणजे तीन महिन्यांची उलाढाल. ज्याचा पैसा तीन महिन्यांत फिरून येतो त्या धंद्याला हे माप बसतं. बीत अडकलेला पैसा आठ-नऊ महिन्यांनी सुटतो त्याला ते अपुरं पडतं.

बँकेचे १४ लाख आणि घरचे ११ लाख मिळून २५ लाख झाले. १२५ रुपयांनी त्यात बरोबर २० टन बी आली आणि एप्रिलच्या मध्याला हात रिकामे झाले. त्याच सुमाराला गावात सगळ्यात चांगली बी उतरत होती. मग पहिला गर विकून पैसे मोकळे होईपर्यंत मे संपत आला. हाती पैसे आले तेव्हा बाजारात भिजलेली बी होती, आणि कामाला लागलेल्या बायकांना जूनमध्ये घरी बसा कसं सांगायचं, हा प्रश्नही होता.

म्हणजे तक्त्यात वेगवेगळ्या दिसणाऱ्या तीन ओळी, कमी खरेदी, कमी उतारा आणि कमी अखंड, एकाच जागेहून निघाल्या होत्या. तफावतीचा तक्ता रक्कम कुठे आहे ते दाखवतो, ती तिथे का आली हे त्यात नसतं. आम्ही तक्त्यावरच थांबलो असतो तर खरेदी, कटिंग आणि सुकवणी असे तीन वेगवेगळे उपाय शोधत बसलो असतो.

## योजना कशी बदलायची: कोणते पर्याय होते

पहिला मोह असतो तो प्रत्यक्ष आकडे उचलून पुढच्या वर्षाच्या अंदाजात टाकायचा. भावोजींनी ते करूनही पाहिलं: दर १२२, उतारा २३ टक्के, सरासरी विक्रीदर सहाशे साडेसत्त्याण्णव. किलो बीमागे सुटले तेरा रुपये चाळीस पैसे. ८ लाख ९० हजारांचा स्थिर खर्च भरून निघायला ६६ टन बी लागेल, आणि युनिटची ताकद ४० टनांची. हे पाहून त्यांनी फोनवर सरळ विचारलं, ‘वहिनी, बंदच करूया काय?’

तो आकडा बरोबर काढलेला होता पण त्याचा उपयोग नव्हता. २३ टक्के असा उतारा त्या वर्षात कुठल्याच बीचा नव्हता. एकीचा २५, दुसरीचा १९, आणि २३ ही फक्त त्यांची सरासरी. पुढच्या वर्षी पुन्हा बारा टन भिजलेली बी घ्यायची ठरवली असेल तरच तो आकडा योजनेत येतो. म्हणून प्रत्येक तफावतीला एकच प्रश्न विचारला: हे पुढच्या वर्षी पुन्हा होणार का? बीचा दर वाढलेला राहणार, तो आपल्या हातात नाही, तेव्हा योजनेत १२५ धरायचा. उतारा घसरला तो आपल्या खरेदीच्या वेळेमुळे. तो २५ च धरायचा, पण खरेदीची वेळ बदलली तरच. अखंडाचं ७० टक्के प्रमाण चांगल्या बीतही निघालं नव्हतं, तेव्हा तो अंदाजच आशावादी होता. तो ६४ वर आणला. मजुरी थोडी वाढवून धरली. असं केल्यावर किलो बीमागे साडेतेवीस रुपये सुटत होते. तरीही ना नफा ना तोटा यायला जवळजवळ ३८ टन लागत होते, आणि तेवढी बी मार्च-एप्रिलमध्ये घ्यायला पैसे नव्हते.

भावोजींचा मार्केटिंगचा पर्याय पुन्हा चर्चेत आला. किरकोळ विक्रीत पाकीट आणि कुरियर जाऊन किलोमागे ८० रुपये जास्त मिळतील असा त्यांचा हिशेब. १,००० किलोंपुरता तो योजनेत घेतला. मूळ दुखणं खरेदीच्या टोकाला होतं, तेव्हा त्याच्यावर याहून जास्त भार टाकायचा नाही असं ठरलं.

दुसरा पर्याय, खरेदी फक्त परवडेल तेवढी करून युनिट अर्धं वर्ष चालवायचं. यात भिजलेल्या बीचा धोका जातो, पण स्थिर खर्च तसाच राहतो आणि कामाला तयार झालेल्या बायका दुसरीकडे जातात. कटिंगचा हात बसायला वेळ लागतो, तो पुन्हा सुरुवातीपासून कोण बसवणार?

तिसरा पर्याय वहिनींनी काढला: आपली बी संपली की दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून द्यायची. बी त्यांची, गर त्यांचा, आपण फक्त प्रक्रियेचे पैसे घ्यायचे. बदलता खर्च जाऊन किलो बीमागे साडेबारा रुपये सुटतात, म्हणजे स्वतःच्या बीच्या निम्मेच. पण त्यात एक रुपयाही बीत अडकत नाही. हा पर्याय मला सगळ्यात उशिरा पटला, कारण मालकी नसलेल्या बीतल्या तुटीवरून भांडणं होतात. शेवटी सुकलेल्या बीच्या वजनावरच दर ठरवायचा, या अटीवर तो घेतला.

बाजार समित्यांमार्फत चालणाऱ्या शेतमाल तारण योजनेत काजू बीही घेतात. पण ती योजना शेतकऱ्यासाठी आहे, प्रक्रिया करणाऱ्याने विकत घेतलेली बी तिथे चालत नाही. दोन मोठ्या बागायतदारांना ती सुचवून त्यांची बी पावसाळ्यानंतर घ्यायची, असा विचार झाला. त्या वर्षी तो जमला नाही.

## काय ठरलं

सुधारित योजना अशी बसली. मार्च-एप्रिलमध्येच स्वतःची २४ टन बी. तिच्यातून ५ लाख ६४ हजार. मजुरीवर १६ टन, २ लाख. किरकोळ विक्रीचे ८० हजार. एकूण ८ लाख ४४ हजार, स्थिर खर्च ८ लाख ९०. म्हणजे योजनेतच ४६ हजारांचा तोटा.

इथे सगळ्यात जास्त वाद झाला. तोट्याचा अंदाज घेऊन बँकेत कसं जायचं? अखंड ७० टक्के धरा, तोटा गायब होतो, असं भावोजी म्हणाले. होत होता खराच. पण बँकेच्या अधिकाऱ्याला गेल्या वर्षीचा तोटा दिसतच होता, आणि पुन्हा गुळगुळीत आकडे नेले असते तर त्यावर त्याने विश्वास का ठेवावा? आम्ही तफावतीचा तक्ता, दोन बियांची तुलना आणि महिनावार रोख प्रवाह असे तीन कागद नेले. मागणी एकच होती: मर्यादा वर्षभर वाढवू नका, हंगामापुरती वाढवा. महिनावार कागदावर एप्रिलअखेरची गरज आणि डिसेंबरची गरज यांतला फरक स्पष्ट दिसत होता. मार्च ते सप्टेंबर २२ लाख आणि त्यानंतर १० लाख अशी मर्यादा मंजूर झाली. घरचे सहा लाख शिल्लक होते, दोन लाखांची बी ओळखीच्या बागायतदारांनी गणपतीपर्यंतच्या उधारीवर दिली. यंत्रांच्या कर्जाचा मुद्दलाचा हप्ता या हिशेबात नाही. तो भावोजींच्या पगारातून जायचा आणि पुढेही एक वर्ष तसाच जाणार, हेही स्पष्ट लिहून ठेवलं. घसारा धरला नाही की हप्ता विसरला जातो, असं मी पुष्कळ घरगुती धंद्यांत पाहतो.

कामाच्या पद्धतीत दोन बदल झाले. खरेदीचा निर्णय बीच्या दरावर घ्यायचा नाही, गराच्या किलोमागे बी कितीला पडते यावर घ्यायचा. त्यासाठी प्रत्येक मोठ्या खरेदीआधी पिशव्यांच्या तळातून, मधून आणि वरून मिळून एक किलो बी काढायची, ती फोडायची, चांगला गर सुकवून तोलायचा. दराला त्या उताऱ्याने भागलं की आकडा मिळतो. तो ५२० च्या वर गेला तर बी परत. दुसरा बदल मजुरीचा. आधी गराच्या किलोला एकच दर होता, अखंड असो की तुकडा, त्यामुळे भराभर कापण्यात फायदा होता. आता अखंडाला जास्त दर ठेवला. पण तुकड्याचा दर कमी केला नाही, कारण बी खराब आणायची मालकाने आणि मजुरी कापायची बाईची, हे त्या पडवीत टिकलं नसतं.

## दुसऱ्या वर्षी दिवाळीपर्यंत

बीचा दर पुन्हा अंदाजाच्या पुढे गेला, सरासरी १३१. पण चाचणी घेऊन घेतल्यामुळे उतारा २५.६ टक्के मिळाला आणि गराच्या किलोमागे बी ५१२ रुपयांना पडली. योजनेत ५०० धरले होते. फरक आहे, पण आदल्या वर्षीच्या ६०५ शी त्याची तुलनाच नाही. अखंडाचं प्रमाण ६६ टक्क्यांवर गेलं. एप्रिलच्या शेवटी एक गाडी १३८ रुपयांनी दारात आली होती. चाचणीत उतारा साडेपंचवीस निघाला, म्हणजे बी चांगलीच होती, पण हिशेब ५४१ वर जात होता. वहिनींनी ती परत पाठवली. खरेदी २४ ऐवजी २३ टनांवर थांबली.

मजुरीची ९ टन बी दिवाळीपर्यंत फोडून झाली, ती वेळापत्रकाप्रमाणे चालली आहे. किरकोळ विक्री मात्र १,००० किलोंपैकी २४० वरच आहे. गणपतीत चाकरमान्यांनी बरीच नेली, नंतर ओघ आटला, आणि एकेका किलोचं कुरियर ८० रुपयांतला मोठा भाग खातं.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्तात टळण्यासारखी गोष्ट म्हणजे पहिल्या वर्षीचा मे महिना. एप्रिलअखेरीलाच अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी ठेवले असते तर २० टनांवर पैसे संपल्याचं, आणि वर्षाची योजना तिथेच मोडल्याचं दिसलं असतं. तेव्हाच मजुरीची बी शोधली असती तर लाल खुणेच्या पिशव्या आल्याच नसत्या. ज्या धंद्याची खरेदी तीन महिन्यांत उरकते त्याची तफावत वर्षअखेरीला पाहणं म्हणजे फार उशीर. आता हा आढावा हंगामात दर पंधरवड्याला आणि एरवी तिमाहीला होतो.

सुकवणीतली तूट मूळ अंदाजात नव्हतीच. खरेदीचं वजन आणि फोडायला गेलेलं वजन एकच मानलं होतं. ते वेगळं लिहिलं असतं तर उतारा कमी येण्यात पाण्याचा भाग किती आणि गराचा किती, हे जूनमध्येच कळलं असतं.

आणि एका बाबतीत अजून एकमत नाही. ५२० ची मर्यादा गराचे भाव स्थिर धरून काढलेली आहे. गराचा भाव चढला तर ती परत पाठवलेली गाडी फायद्यात गेली असती, असं भावोजी अजून म्हणतात. वहिनींचं उत्तर असतं की भाव चढायचा तेव्हा चढेल, बीचे पैसे एप्रिलमध्ये द्यावे लागतात. मर्यादा दर महिन्याला अखंडाच्या चालू भावावरून पुन्हा काढायची, पण ती वर न्यायची असेल तर दोघांनी मिळून, अशी तडजोड सध्या झाली आहे. किरकोळ विक्रीचं लक्ष्य ५०० किलोंवर आणून योजनेतले ४० हजार कमी केले आहेत.